उतारावरचे पट्टे : एका छायाचित्रात दिसणारी प्रयोगाची आखणी

वेल्समधल्या बेडगेलर्ट जंगलाचे एक छायाचित्र संख्याशास्त्र शिकणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. डोंगराच्या उतारावर झाडांच्या चौकोनी चौकटी दिसतात, पाच ओळी आणि पाच रांगा, कुठे गडद, कुठे फिकट. ही लागवड १९२९ साली झाली, आखणी रोनाल्ड फिशर यांची. छायाचित्र साधारण १९४५ चे, आणि फिशर यांच्या कन्या जोन फिशर बॉक्स यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या चरित्रात ते छापलेले आहे. सिटका स्प्रूस, नॉर्वे स्प्रूस, जपानी लार्च, लॉजपोल पाइन आणि बीच या पाच जाती उघड्या, वारा लागणाऱ्या उतारावर कशा तग धरतात, हे पाहायचे होते.

चौकटी नीट पाहिल्या की एक नियम सापडतो. प्रत्येक आडव्या ओळीत पाचही जाती एकेकदा आल्या आहेत, आणि प्रत्येक उभ्या रांगेतही एकेकदाच. ही झाली लॅटिन चौरसाची आखणी, म्हणजे दोन दिशांनी केलेले गट. यातली एकच दिशा ठेवली, म्हणजे प्रत्येक आडव्या पट्ट्यात सगळ्या जाती आल्या पाहिजेत एवढीच अट घातली, की उरते ती यादृच्छिक गट आखणी. आपल्या कृषी महाविद्यालयांत तिला आरबीडी म्हणतात, गटाला ब्लॉक किंवा सरळ रेप्लिकेशन म्हणतात आणि शेतातल्या पाट्यांवर R1, R2 असे लिहितात. मी इथे ब्लॉकच म्हणेन.

छायाचित्राचा उपयोग असा, की ही आखणी कशासाठी केली ते त्यात डोळ्यांना दिसते. सूत्रांच्या पुस्तकात ब्लॉक हे नुसते एक अक्षर असते. उतारावर मात्र तो जमिनीचा खराखुरा पट्टा आहे. माथ्याकडची माती आणि वारा एक, पायथ्याकडची माती आणि वारा दुसरा. पाच जातींची तुलना करायची आणि एक जात योगायोगाने माथ्यावरच जास्त वेळा गेली, तर शेवटी जी उंची मोजली जाईल ती जातीची की जागेची, हे कोणीच सांगू शकणार नाही.

आता हीच आखणी आपल्याकडच्या रब्बी ज्वारीच्या रानात नेऊ. वरच्या बाजूला मुरमाड, उथळ जमीन, खाली उतरत जावे तशी काळी आणि खोल. कोरडवाहू ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर पिकते, त्यामुळे मातीची खोली वाढली की उत्पन्न वाढते. अ, ब, क, ड, इ असे पाच वाण आहेत आणि वीस प्लॉट. उताराला आडवे चार पट्टे पाडायचे. हे चार ब्लॉक. प्रत्येक पट्ट्यात पाच प्लॉट शेजारी शेजारी, आणि प्लॉटची लांब बाजू उताराच्या दिशेने, म्हणजे पट्ट्याच्या आत थोडाफार उतार राहिला तरी तो पाचही प्लॉटना सारखाच मिळतो. मग प्रत्येक ब्लॉकसाठी स्वतंत्र चिठ्ठ्या टाकून वाणांची जागा ठरवायची.

खालचे आकडे मी हिशेब स्वच्छ यावा म्हणून रचलेले आहेत, कुठल्या प्रत्यक्ष प्रयोगाचे नाहीत. उत्पन्न हेक्टरी क्विंटलमध्ये आहे. ब्लॉक १ माथ्याचा, ब्लॉक ४ पायथ्याचा.

| वाण | ब्लॉक १ | ब्लॉक २ | ब्लॉक ३ | ब्लॉक ४ | सरासरी |
|---|---|---|---|---|---|
| अ | १० | ११ | १६ | १५ | १३ |
| ब | ८ | १४ | १६ | १८ | १४ |
| क | १३ | १४ | १४ | १९ | १५ |
| ड | १२ | १६ | १५ | २१ | १६ |
| इ | १२ | १५ | १९ | २२ | १७ |
| सरासरी | ११ | १४ | १६ | १९ | १५ |

आधी फक्त अ आणि इ या दोन ओळी पाहा. अ वाणाचे उत्पन्न १० ते १६ च्या दरम्यान आहे, इ चे १२ ते २२. अ चा पायथ्याचा प्लॉट १५ देतो आणि इ चा माथ्याचा प्लॉट १२. आकडे असे एकमेकांत मिसळलेले असताना इ सरस आहे असे कोण छातीठोकपणे म्हणेल? पण आता तुलना ब्लॉकच्या आत करा. पहिल्या ब्लॉकमध्ये इ हा अ पेक्षा २ ने पुढे, दुसऱ्यात ४ ने, तिसऱ्यात ३ ने, चौथ्यात ७ ने. चारही वेळा पुढेच. वजाबाकी एकाच पट्ट्यातल्या दोन शेजाऱ्यांची असल्यामुळे त्या पट्ट्याची माती दोन्ही आकड्यांत सारखी आहे, आणि वजा करताना ती निघून जाते. ब्लॉकमुळे त्रुटी कमी होते ती याच कारणाने. माती बदललेली नाही, उतार तसाच आहे, फक्त वाणांच्या तुलनेत त्याचा शिरकाव होत नाही.

यावरून ब्लॉक कसे पाडायचे तेही ठरते. एका ब्लॉकच्या आतले प्लॉट शक्य तितके सारखे हवेत आणि ब्लॉक-ब्लॉकमधला फरक कितीही मोठा असला तरी चालतो, उलट तो मोठा असावा. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. त्यांना वाटते, प्रत्येक ब्लॉक म्हणजे सगळ्या शेताचा छोटा नमुना असावा, म्हणून ते पट्टे उताराच्या दिशेने उभे पाडतात, प्रत्येकात थोडा माथा आणि थोडा पायथा. अशाने चारही ब्लॉकच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्या येतात, कागद नीटनेटका दिसतो, आणि माथा-पायथ्याचा सगळा फरक ब्लॉकच्या आतच राहून त्रुटीत जमा होतो. प्रयोगाचे छायाचित्र समोर असेल तर ही चूक विश्लेषणाआधीच पकडता येते. पिकाची उंची किंवा हिरवेपणा ज्या दिशेने बदलतो, त्या दिशेला ब्लॉक आडवे आहेत की समांतर, एवढेच बघायचे.

छायाचित्रातून आणखी एक गोष्ट कळते. प्रत्येक ब्लॉकमध्ये वाणांचा क्रम तोच असेल, म्हणजे एका वाणाची वेगळी छटा वरपासून खालपर्यंत एका सरळ रेषेत दिसत असेल, तर चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत. पाच वाणांचे १२० क्रम होतात, तेव्हा दोन ब्लॉकमध्ये नेमका तोच क्रम येण्याची शक्यता १२० त एक, आणि चारही ब्लॉकमध्ये येणे जवळपास अशक्य. पाट्या लावायला आणि पेरायला असा क्रम सोयीचा असतो हे खरे. पण बांधाकडच्या बाजूला सावली असली, किंवा एका कडेने जुनी पाऊलवाट गेलेली असली, तर तो एकच वाण चारही वेळा त्याच जागी सापडतो. ब्लॉक उताराचा बंदोबस्त करतो, आणि आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टींचा बंदोबस्त प्रत्येक ब्लॉकमधल्या वेगळ्या चिठ्ठ्या करतात. १९२६ मध्ये शेतप्रयोगांच्या आखणीवर लिहिलेल्या लेखात फिशर यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या होत्या, आणि मला वाटते, त्यातली दुसरी आजही जास्त टाळली जाते.

आता विश्लेषणाकडे येऊ. प्रचरण विश्लेषण, ज्याला सगळे अनोव्हा म्हणतात, ते एकूण चढउताराची वाटणी करते. वरच्या वीस आकड्यांतून सर्वसाधारण सरासरी १५ वजा करून, वर्ग करून बेरीज केली की २४४ येते. ही एकूण वर्गबेरीज. वाणांच्या सरासऱ्या १३ पासून १७ पर्यंत आहेत, म्हणजे १५ पासूनचे त्यांचे अंतर -२, -१, ०, १, २. यांच्या वर्गांची बेरीज १०, आणि प्रत्येक सरासरी चार प्लॉटची म्हणून गुणिले ४. वाणांची वर्गबेरीज झाली ४०. ब्लॉकच्या सरासऱ्यांचे अंतर -४, -१, १, ४, वर्गांची बेरीज ३४, प्रत्येक सरासरी पाच प्लॉटची म्हणून गुणिले ५, म्हणजे १७०. उरले ३४. ही त्रुटी.

एकूण २४४ पैकी १७० नुसत्या मातीच्या खोलीने खाल्ले आहेत. कोणी ही आखणी विसरून, जणू वीस प्लॉट सगळ्या शेतात कसेही विखुरले होते असे समजून विश्लेषण केले, तर हे १७० जातील कुठे? त्यांना स्वतःचा रकाना नाही, म्हणून ते त्रुटीत जातात. त्रुटीची वर्गबेरीज ३४ ऐवजी २०४ होते.

पुढचा हिशेब दोन्ही रीतींनी करून पाहा. ब्लॉक धरले तर त्रुटीची स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे विद्यार्थी ज्याला डीएफ म्हणतात ती, १२ आहे. ३४ ला १२ ने भागले की त्रुटीचा वर्गमध्य २.८३ येतो. वाणांचा वर्गमध्य ४० भागिले ४, म्हणजे १०. त्यांचे गुणोत्तर, एफ, ३.५३. पाच टक्के पातळीवर ४ आणि १२ मात्रांसाठी कोष्टकातला आकडा ३.२६ आहे, तेव्हा वाणांत फरक आहे असे म्हणता येते. ब्लॉक विसरले तर त्रुटीची मात्रा १५, वर्गमध्य १३.६, आणि एफ ०.७४. कोष्टकातला आकडा ३.०६ इतका उतरलेला असूनही निकाल त्याच्या जवळपाससुद्धा जात नाही. तेच शेत, तीच ज्वारी, तीच मोजणी, आणि अहवालात मात्र वाणांत फरक आढळला नाही असे वाक्य छापले जाते.

शेतकऱ्याला आणि पैदासकाराला एफपेक्षा सीडी, म्हणजे दोन सरासऱ्यांमध्ये कमीत कमी किती फरक असला म्हणजे तो खरा धरायचा, हा आकडा जास्त उपयोगी पडतो. ब्लॉक धरून तो येतो २.५९ क्विंटल. म्हणजे इ आणि अ मधला ४ चा फरक खरा, ड आणि अ मधला ३ चा तसेच इ आणि ब मधला ३ चाही खरा. इ आणि ड मधल्या १ क्विंटलबद्दल काही बोलता येत नाही. ब्लॉक न धरता सीडी ५.५६ होते, आणि मग सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या वाणातला फरकही त्यात बुडून जातो.

ब्लॉकची किंमतही द्यावी लागते. त्रुटीच्या मात्रा १५ वरून १२ झाल्या, म्हणून सीडी काढताना वापरायचा टी २.१३ वरून २.१८ वर गेला. शेत खरोखरच सपाट आणि एकसारखे असते तर ब्लॉकने काही मिळाले नसते आणि हे थोडेसे नुकसान झाले असते. सौदा किती फायद्याचा झाला ते एका सूत्राने मोजतात. यात t म्हणजे वाणांची संख्या, b म्हणजे ब्लॉकची, MSB आणि MSE म्हणजे ब्लॉकचा आणि त्रुटीचा वर्गमध्य:

```
RE = [ (b-1)*MSB + b*(t-1)*MSE ] / [ (b*t-1)*MSE ]
```

आपल्या उदाहरणात वर १७० अधिक ४५.३३, खाली ५३.८३, उत्तर ४. याचा अर्थ असा, की याच रानात ब्लॉक न पाडता इतकीच खात्री हवी असती तर प्रत्येक वाणाचे चार नव्हे, सोळा प्लॉट पेरावे लागले असते. वीसऐवजी ऐंशी.

या सूत्रात एक बारकावा आहे. ब्लॉक पाडलेच नसते तर त्रुटीचा वर्गमध्य किती आला असता, याचा त्यात धरलेला अंदाज ११.३ आहे, वर आलेला १३.६ नाही. हा फरक का? वाण खरोखरच सगळ्या शेतात विखुरले असते, तर मातीचा थोडा फरक वाणांच्या सरासऱ्यांतही गेला असता आणि बाकीचा त्रुटीत. आपण मात्र पेरताना प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक वाण एकदाच घातला, म्हणून वाणांच्या तुलनेत मातीचा अंशही नाही. मग विश्लेषणात ब्लॉक विसरले की तो सगळाच्या सगळा त्रुटीत कोसळतो. म्हणून ब्लॉक पाडून पेरायचे आणि विश्लेषणात ते सोडून द्यायचे, ही रीत मुळात ब्लॉक न पाडण्यापेक्षाही वाईट ठरते. ब्लॉकचा एफ छोटा आला म्हणून त्यांना कोष्टकातून काढून टाकण्याची सवयही मला याच कारणाने मान्य नाही. शेतात ज्या रीतीने चिठ्ठ्या टाकल्या, ती रीत कोष्टकात राहिली पाहिजे.

वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकावरून हा हिशेब हाताने करण्याची रीत कृषी विद्यापीठांतल्या अनेक पिढ्यांनी गिरवली. आता बहुतेकजण R वापरतात, आणि तिथे सगळे दोन ओळींत होते:

```
d$block <- factor(d$block)
summary(aov(yield ~ block + variety, data = d))
```

पहिली ओळ विसरली की एक चोरटी चूक होते. ब्लॉकच्या रकान्यात १, २, ३, ४ असे आकडे असतात, आणि R त्यांना पट्ट्यांची नावे न समजता खरीखुरी मोजमापे समजते. मग ते चार ब्लॉकच्या सरासऱ्यांमधून एक सरळ रेषा काढते. आपल्या आकड्यांत उतार जवळजवळ सरळच असल्याने ब्लॉकची वर्गबेरीज १७० ऐवजी १६९ येते, आणि नुसती बेरीज बघणाऱ्याला शंकाही येणार नाही. ओळखायची खूण डीएफच्या रकान्यात आहे. चार ब्लॉक असतील तर तिथे ३ हवेत. १ दिसला की आधीची ओळ तपासा.

या सगळ्या गणितामागे एक गृहीतक आहे. चांगल्या पट्ट्यात गेल्याने सगळ्या वाणांचे उत्पन्न साधारण तितक्याच क्विंटलने वाढते, असे आपण धरतो. रब्बी ज्वारीत ते नेहमी खरे नसते. फुले अनुराधा हा वाण हलक्या जमिनीसाठी शिफारस केलेला आहे आणि फुले वसुधा भारी जमिनीसाठी. हे दोन वाण एकाच उतारावर घातले, तर माथ्यावर एक पुढे आणि पायथ्याशी दुसरा पुढे, असे होणे शक्य आहे. आपल्या तक्त्यात इ आणि अ मधला फरक माथ्यावर २ आणि पायथ्याशी ७ आहे, तोही कदाचित तसाच काही सांगत असेल. पण प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक वाण एकदाच असल्यामुळे, हा फरक वाणाच्या स्वभावाचा की निव्वळ योगायोगाचा, हे ही आखणी वेगळे करून सांगू शकत नाही. दोन्ही त्रुटीच्या रकान्यात एकत्र पडतात. जॉन टुकी यांनी १९४९ मध्ये एका स्वातंत्र्यमात्रेची जी चाचणी सुचवली, तिने अशा विसंगतीचा एक ठरावीक प्रकार पकडता येतो, सगळे प्रकार नाही. जमिनीच्या खोलीनुसार वाण निवडणे हाच प्रश्न असेल, तर हलक्या आणि भारी जमिनीवर स्वतंत्र प्रयोग घ्यावेत आणि प्रत्येकाला त्याचे ब्लॉक द्यावेत.

पेरणीनंतरही ब्लॉक उपयोगी पडतात. काढणीला दोन दिवस लागणार असतील तर पहिल्या दिवशी दोन ब्लॉक पूर्ण काढावेत, दुसऱ्या दिवशी दोन. मध्येच पाऊस आला, मजूर बदलले, वजनकाटा बदलला, तरी तो फरक मातीच्या फरकाबरोबर ब्लॉकच्या रकान्यात जातो. अर्धा ब्लॉक आज आणि अर्धा उद्या काढला तर तोच फरक वाणांच्या तुलनेत घुसतो.

आणि एखादा प्लॉट हातचा गेला तर? समजा पायथ्याच्या ब्लॉकमधला इ चा प्लॉट पाखरांनी फस्त केला आणि २२ हा आकडा मिळालाच नाही. उरलेल्या तीन प्लॉटची सरासरी १५.३३ येते. ती इ वर अन्याय करते, कारण गेलेला प्लॉट सगळ्यात चांगल्या जमिनीतला होता. फ्रँक येट्स यांनी १९३३ मध्ये यासाठी दिलेले सूत्र असे, ज्यात T ही त्या वाणाच्या उरलेल्या प्लॉटची बेरीज, B त्या ब्लॉकमधल्या उरलेल्यांची आणि G सगळ्या उरलेल्यांची:

```
x = (t*T + b*B - G) / ((t-1)*(b-1))
  = (5*46 + 4*73 - 278) / 12 = 20.33
```

हा आकडा नवी माहिती नाही. इ वाण आणि चौथा ब्लॉक या दोघांबद्दल बाकीचे प्लॉट जे सांगतात त्यावरून काढलेला तो अंदाज आहे, म्हणून त्रुटीची मात्रा १२ वरून ११ करावी लागते. तो धरून इ ची सरासरी १६.५८ होते, म्हणजे पाखरांच्या तडाख्यापूर्वीच्या १७ च्या बऱ्याच जवळ. R मध्ये रिकामी जागा तशीच ठेवून वरची आज्ञा दिली तरी चालते, मात्र block हा शब्द variety च्या आधी असला पाहिजे. तक्ता अपुरा असताना क्रमाने उत्तर बदलते, आणि आपल्याला माती बाजूला काढल्यानंतर उरणारा वाणांचा फरक हवा आहे. इ ची इतर वाणांशी तुलना करताना सीडीही थोडी मोठी धरावी लागते, कारण त्याच्या बाजूने आता चार नव्हे, तीनच खरे प्लॉट आहेत.